पाणी ९८ ला उकळलं, अंगही ९८ च : आठवीच्या वर्गातला एक तास

पुण्यातल्या एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी विज्ञान शिकवते. आठवीला उष्णतेच्या मापनाचा पाठ आला की सेल्सिअसचं फॅरनहाइट आणि फॅरनहाइटचं सेल्सिअस करायची उदाहरणं येतात. मुलं सूत्र पाठ करतात, आकडे घालतात, उत्तर काढतात. उत्तर बरोबर येतं, पण त्या उत्तराचा अर्थ विचारला की वर्ग गप्प होतो. एका तासाला मात्र एका मुलाने असा प्रश्न विचारला की सूत्र फळ्यावर यायच्या आधीच सगळा विषय समोर उभा राहिला. त्या तासाची आणि त्यानंतर वह्यांमध्ये जे दिसलं त्याची ही हकिकत.

तासाची आखणी अशी होती: आधी पाण्याचा गोठणांक आणि उत्कलनांक मुलांनी स्वतः तापमापीवर वाचायचा, मग मी पंधरा-वीस मिनिटं बोलायचं, उरलेल्या वेळात उदाहरणं. तापमापी आमच्या प्रयोगशाळेतली नेहमीचीच, −१० पासून ११० अंश सेल्सिअसपर्यंत खुणा असलेली.

बर्फाचं वाचन आधी घेतलं. यात एक खबरदारी घ्यावी लागते. फ्रीजमधून नुकताच काढलेला बर्फ शून्यापेक्षा बराच थंड असतो. त्याच्या खड्यांमध्ये तापमापी खुपसली तर आकडा शून्याच्या खाली जातो आणि मुलं तोच गोठणांक म्हणून लिहून घेतात. म्हणून बर्फाचा चुरा करायचा, त्यात थोडं साधं पाणी घालायचं, ढवळायचं आणि बर्फ व पाणी दोन्ही दिसत असताना आकडा स्थिर होईपर्यंत थांबायचं. आमची तापमापी शून्याच्या खुणेवर येऊन थांबली. बर्फ वितळत होता, पाणी वाढत होतं, आकडा तिथेच होता.

उकळत्या पाण्याच्या बाबतीत चूक होते ती तापमापीच्या फुग्याची. फुगा चंचुपात्राच्या तळाला टेकला तर तो पाण्याचं तापमान न दाखवता तापलेल्या काचेकडे झुकतो आणि आकडा वर जातो. आम्ही तापमापी स्टँडला अडकवली आणि फुगा तळापासून बोटभर वर ठेवला. पात्राच्या तळाशी पहिले बुडबुडे दिसले तेव्हा दोन-तीन मुलं ‘उकळलं’ म्हणून ओरडली, पण ते पाण्यात विरघळलेल्या हवेचे बुडबुडे होते आणि तापमापी अजून ६० च्याही खाली होती. खरं उकळणं सुरू झालं, पाणी सगळीकडून खळखळू लागलं, तेव्हा आकडा ९८ वर आला आणि तिथेच राहिला. बर्नरची ज्योत मोठी केली, तरी हलला नाही.

मुलांनी वहीत लिहिलं: बर्फ ०, उकळतं पाणी ९८.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न आला. ‘बाई, मला बरं नव्हतं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, आता ताप उतरला, ९८ आहे. मग माझं अंग आणि हे पाणी सारखंच गरम आहे का?’

काही मुलं हसली. मी त्यांना थांबवलं, कारण प्रश्न अगदी रास्त होता. आपल्याकडे मुलं दोन मोजपट्ट्यांमध्ये वाढतात आणि तसं त्यांना कोणी सांगत नाही. घरात ताप फॅरनहाइटमध्ये बोलला जातो: ‘१०२ ताप होता’, ‘१०० च्या खाली आला’. हवा मात्र सेल्सिअसमध्ये: ‘आज ४० होतं’. दोन्हीकडे म्हणताना आपण नुसतं ‘अंश’ म्हणतो, किंवा तेही म्हणत नाही. त्या मुलाने दोन खरे आकडे शेजारी ठेवले होते, आणि नुसत्या आकड्यांकडे पाहिलं तर त्याचं म्हणणं खोडता येत नव्हतं. मी त्याच्या प्रश्नाला आणखी एक जोडला: मे महिन्यात ४० अंशांच्या उन्हात आपण हैराण होतो, मग ९८ अंशांचं आपलं अंग हाताला कोमट का लागतं? आता हसणारी मुलंही विचारात पडली.

फळ्यावरच्या दोन रेषा

ठरवलेलं बोलणं मी इथून सुरू केलं. फळ्यावर दोन उभ्या रेषा काढल्या, सारख्याच उंचीच्या, शेजारी शेजारी. दोन्हींच्या तळाला एक आडवी खूण केली आणि लिहिलं ‘बर्फ वितळतो’. वरच्या टोकाला दुसरी आडवी खूण, ‘पाणी उकळतं’. मुलांना सांगितलं की या दोन जागा निसर्गाने दिल्या आहेत, आकडे माणसाने दिले आहेत. डाव्या रेषेवर खाली ० आणि वर १००, ही सेल्सिअसची पट्टी. उजव्या रेषेवर खाली ३२ आणि वर २१२, ही फॅरनहाइटची. ‘आपलं पाणी तर ९८ ला उकळलं,’ अशी हरकत लगेच आली. ती मी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवली आणि तिच्याकडे थोड्या वेळाने येऊ असं सांगितलं.

मग विचारलं, खालच्या खुणेपासून वरच्या खुणेपर्यंत डावीकडे किती पायऱ्या? शंभर. उजवीकडे? बरीच मुलं २१२ म्हणाली. एका मुलीने सावकाश सांगितलं, ‘२१२ नाही. सुरुवात ३२ ला आहे, म्हणून १८०.’

उंची तीच, एकीकडे १०० पायऱ्या, दुसरीकडे १८०. म्हणजे फॅरनहाइटची पायरी लहान आहे. सेल्सिअसच्या ५ पायऱ्या चढल्या की फॅरनहाइटच्या ९ चढून होतात, आणि सेल्सिअसची १ म्हणजे फॅरनहाइटच्या १.८. सूत्रातला ९/५ कुठून आला ते इथे दिसतं. सूत्र आधी दिलं की हा अपूर्णांक मुलांना आकाशातून पडल्यासारखा वाटतो आणि परीक्षेत ९/५ की ५/९ हे आठवण्यावर सोडलं जातं.

कंपासपेटीतली पट्टी मी मुद्दाम हातात घेतली. तिच्या एका कडेला सेंटिमीटर असतात, दुसऱ्या कडेला इंच. तिथेही पायऱ्या लहानमोठ्या आहेत, पण दोन्हींचं शून्य एकाच टोकाला आहे, म्हणून नुसता गुणाकार पुरतो. आपल्या दोन रेषांची शून्यं एका जागी नाहीत. सेल्सिअसचं ० जिथे आहे तिथे फॅरनहाइटमध्ये आधीच ३२ झालेले आहेत. म्हणून इथे दोन कामं करावी लागतात: पायरीचा आकार बदलायचा आणि सुरुवातीचा ३२ चा फरक सांभाळायचा.

आता मी डाव्या रेषेचे दहा सारखे भाग केले. प्रत्येक भाग १० अंश सेल्सिअसचा, म्हणजे १८ अंश फॅरनहाइटचा. उजवीकडचे आकडे मुलांनी सांगायचे होते. ३२ मध्ये १८ मिळवत वर्ग वर चढत गेला: ५०, ६८, ८६, १०४, १२२, १४०, १५८, १७६, १९४ आणि शेवटी २१२. शेवटचा आकडा आपोआप जुळला तेव्हा वर्गात जो आनंद झाला, त्यासाठी मी ही शिडी दरवर्षी फळ्यावर काढते. सूत्र अजून कुणी पाहिलेलंही नव्हतं.

प्रश्नाचं उत्तर शिडीवर

मग प्रश्न विचारणाऱ्या मुलाला फळ्याजवळ बोलावलं. त्याला अंगाचं नेहमीचं तापमान ९८.६ धरून उजव्या रेषेवर ते शोधायला सांगितलं. ते ८६ आणि १०४ च्या मध्ये येतं, म्हणजे डावीकडे ३० आणि ४० च्या मध्ये. ८६ पासून ९८.६ पर्यंत १२.६ पायऱ्या. सेल्सिअसच्या एका पायरीत अशा १.८ बसतात, म्हणून १२.६ भागिले १.८, बरोबर ७. अंग ३७ अंश सेल्सिअसला आहे. त्याने स्वतःच डावीकडे ३७ वर खूण केली.

उकळत्या पाण्याचे ९८ डाव्या रेषेवर शोधायचे होते. ते ९० च्या वर ८ पायऱ्या. उजवीकडे १९४ मध्ये ८ वेळा १.८, म्हणजे १४.४ मिळवले आणि २०८.४ आले. आता दोन खुणा समोर होत्या. एक रेषेच्या मध्याच्याही खाली, दुसरी जवळजवळ टोकाला. ‘म्हणजे माझ्या डॉक्टरांचे ९८ उजव्या रेषेवरचे आणि आपल्या पाण्याचे ९८ डाव्या रेषेवरचे,’ तो म्हणाला. वर्गासमोर ठेवायचं होतं ते सगळं या एका वाक्यात आलं. ४० अंशांचं ऊनही मग मुलांनीच शोधलं. ते १०४ फॅरनहाइट निघालं, म्हणजे अंगापेक्षा जास्त, आणि म्हणूनच त्या उन्हात हवा अंगाला गार लागत नाही.

सूत्र मी यानंतर लिहिलं:

F = C × ९/५ + ३२
C = (F − ३२) × ५/९

सेल्सिअसकडून जाताना आधी पायरी बदलायची, मग ३२ मिळवायचे. परत येताना शेवटी मिळवलेले ३२ आधी काढायचे, मग पायरी बदलायची. हा क्रम सर्वांत जास्त चुकतो. सूत्रातला कंस मुलांच्या नजरेतून सुटतो आणि २१२ × ५/९ करून आलेल्या ११७.८ मधून ३२ वजा होतात. उत्तर येतं ८५.८. असं उत्तर चुकलं आहे हे मुलाला शिक्षकाशिवाय कळायला हवं, म्हणून मी त्यांना पडताळ्याची सवय लावते: आपण वापरतोय ती रीत बर्फावर आणि उकळत्या पाण्यावर चालवून बघायची. ० घातल्यावर ३२ यायला हवेत, १०० घातल्यावर २१२.

पडताळा दोन्ही ठिकाणी करायचा, हे वर्गात ठासून सांगावं लागतं. एका मुलाने F = C × ५/९ + ३२ असं लिहिलं होतं, अपूर्णांक उलटा. त्याने ० घालून पाहिलं, ३२ आले, आणि तो निर्धास्त झाला. शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच राहतं, त्यामुळे खालच्या खुणेला उलटा अपूर्णांक दिसतच नाही. १०० घातल्यावर ८७.६ आले तेव्हा त्याला चूक सापडली. बर्फाची खूण ३२ तपासते, उकळत्या पाण्याची खूण अपूर्णांक तपासते.

कोपऱ्यात लिहून ठेवलेली हरकत

पुस्तकात १०० आणि आपल्या पात्रात ९८, हे का? चौकशी केली तर एका मुलीने वहीत ‘९८ °से = २१२ °फॅ’ असं लिहिलेलं सापडलं. तिचा विचार असा होता की पाणी उकळलं म्हणजे फॅरनहाइटमध्ये २१२ च असणार. ही चूक मला महत्त्वाची वाटली, कारण तिने रूपांतर केलंच नव्हतं. एका पट्टीवर मोजलेला आकडा आणि दुसऱ्या पट्टीवर पाठ असलेला आकडा यांना तिने एकत्र बांधलं होतं. रूपांतर पाण्याला ओळखत नाही. ९८ अंश सेल्सिअस म्हणजे २०८.४ अंश फॅरनहाइट, मग ते पाणी असो, तेल असो की तापलेला पत्रा.

पाणी ९८ ला उकळण्याचं कारण वेगळं आहे. १०० आणि २१२ हे आकडे समुद्रसपाटीवरच्या हवेच्या दाबाचे आहेत. पुणं समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे, इथे हवेचा दाब थोडा कमी आहे, आणि दाब कमी असला की पाणी लवकर उकळतं. साधारण ३०० मीटर वर गेलं की उत्कलनांक १ अंश सेल्सिअसने उतरतो. त्या हिशेबाने पुण्यात ९८ च्या आसपास उत्तर यायलाच हवं. मुंबईत हाच प्रयोग केला तर आकडा शंभराजवळ येईल, महाबळेश्वरला केला तर साडेपंच्याण्णवच्या आसपास.

‘पण तापमापीच दोन अंश कमी दाखवत असेल तर?’ अशी शंका एकाने काढली. शंका चांगली होती, आणि तिचं उत्तर बर्फाच्या पात्रात आहे. हवेच्या दाबातल्या एवढ्या फरकाने बर्फाचा वितळण्याचा बिंदू इतका कमी हलतो की शाळेच्या तापमापीवर तो दिसणारच नाही. पुण्यात काय, मुंबईत काय, बर्फाचं पाणी शून्यालाच. आमची तापमापी बर्फात शून्य दाखवत होती. ती सरसकट दोन अंश कमी दाखवत असती तर तिथे −२ दिसले असते. वरच्या टोकाला तिच्यात काही खोट असणारच नाही असं एवढ्यावरून म्हणता येत नाही, पण उंचीच्या हिशेबाने जो आकडा अपेक्षित होता तोच मिळाला, तेव्हा तापमापीवर संशय घ्यायला जागा उरली नाही.

३२ च का

हा प्रश्न येतोच, आणि तो टाळू नये. फॅरनहाइट यांनी १७२४ मध्ये आपल्या पट्टीची माहिती प्रसिद्ध केली. त्यांनी शून्य धरलं ते बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या तापमानाला. नुसत्या बर्फ-पाण्याला त्यांनी ३२ दिले आणि माणसाच्या अंगाला ९६. पाण्याचे दोन बिंदू ३२ आणि २१२ असे पक्के धरून ही पट्टी पुढे नीट बसवली गेली, आणि अंगाचं तापमान ९६ वरून ९८.६ कडे सरकलं. सेल्सिअस यांची पट्टी १७४२ ची. त्यांनी उकळत्या पाण्याला ० आणि बर्फाला १०० दिले होते, आजच्या नेमकं उलटं. १७४४ मध्ये त्यांचं निधन झालं आणि त्यानंतर लवकरच पट्टी उलटून आजच्यासारखी झाली. हे ऐकल्यावर एका मुलीने उलट्या पट्टीसाठी स्वतः सूत्र बनवून आणलं: F = २१२ − C × ९/५. तिने ते दोन्ही खुणांवर तपासलंही होतं. ० ला २१२, १०० ला ३२.

वह्यांमध्ये जे दिसलं

उदाहरणं बहुतेकांची बरोबर आली. एका प्रश्नात मात्र वर्गातली बरीच मुलं अडकली. प्रश्न होता: रुग्णाचा ताप १०२ °फॅ वरून १०० °फॅ वर आला, तर तो किती अंश सेल्सिअसने उतरला? अनेकांनी फरक २ काढला, तो सूत्रात घातला आणि (२ − ३२) × ५/९ करून −१६.७ असं उत्तर लिहिलं. सूत्र बरोबर, क्रम बरोबर, गुणाकारही बरोबर, आणि उत्तर अशक्य.

पुढच्या तासाला आम्ही पुन्हा त्याच दोन रेषांकडे गेलो. १०२ ही रेषेवरची एक जागा आहे, १०० ही दुसरी. त्यांच्यामधले २ ही जागा नाही, ते अंतर आहे. जागा सांगताना सुरुवात कुठून झाली हे धरावं लागतं, म्हणून ३२ येतात. दोन जागांमधलं अंतर सांगताना दोन्हीकडचे ३२ एकमेकांत कटतात आणि फक्त पायरीचा आकार उरतो. २ × ५/९, म्हणजे साधारण १.१ अंश सेल्सिअस. ज्यांना पटत नव्हतं त्यांना दोन्ही आकडे वेगवेगळे बदलायला लावले. १०२ चे ३८.९ आणि १०० चे ३७.८ आले, फरक १.१. ही चूक मोठ्या माणसांच्या लिखाणातही होते, विशेषतः ‘तापमान इतक्या अंशांनी वाढलं’ अशा वाक्यांचं रूपांतर करताना. म्हणून मी आता प्रत्येक उदाहरणाआधी मुलांना विचारते: हा आकडा जागा आहे की अंतर?

घरचा अभ्यास म्हणून मुलांना सांगितलं होतं की घरी डिजिटल तापमापी असेल आणि तिच्यावर फॅरनहाइट-सेल्सिअस बदलायची सोय असेल, तर आपलं तापमान दोन्हींत वाचून सूत्राने ताडून पाहा. एक मुलगा थोडा नाराज होऊन आला. त्याच्या तापमापीवर फॅरनहाइटमध्ये ९८.० होते आणि सेल्सिअसमध्ये ३६.७. त्याने ३६.७ चं रूपांतर केलं तर ९८.०६ आले, एका दशांश स्थळापर्यंत ९८.१. यंत्र चुकतंय की मी, असं त्याने विचारलं.

मी त्याला उलट बाजूने करायला सांगितलं. ९८.० चे सेल्सिअसमध्ये ३६.६६… येतात, ते पडद्यावर ३६.७ दिसतात. मग ९८.१ घेतले, त्याचे ३६.७२… आले, तेही पडद्यावर ३६.७ च. फॅरनहाइटची पायरी लहान असल्यामुळे तिचे दोन शेजारचे आकडे सेल्सिअसच्या एकाच आकड्यात बसू शकतात, आणि ३६.७ वरून मागे जाताना त्या दोघांपैकी मूळ कोणता होता हे कळायला मार्ग नाही. यंत्र बरोबर होतं, त्याचं गणितही बरोबर होतं. त्याने पुढचा दिवस ९८.० ते ९९.० मधल्या सगळ्या आकड्यांची सेल्सिअस जोडी काढण्यात घालवला आणि कोणते आकडे एकत्र पडतात त्याचा तक्ता करून वर्गात लावला.